पाच नंबरचा मुद्दा, सात नंबरच्या नावावर

व्यवस्थापनाच्या प्रवेशासाठी होणाऱ्या गटचर्चांना मी परीक्षक म्हणून बसते. ही गोष्ट त्यातल्या एका गटाची. निकाल लागून गेला तरी तो गट माझ्या डोक्यातून जात नाही.

बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं ते आधी सांगते. दहा मुलं घोड्याच्या नालेसारख्या मांडलेल्या खुर्च्यांवर बसतात. छातीवर फक्त नंबर असतो, नाव नसतं. आम्ही दोन परीक्षक. मुलांचे अर्ज आमच्यासमोर नसतात. ते गुणपत्रिका सह्या होऊन लिफाफ्यात गेल्यावरच उघडायचे. विषय जाहीर करण्याआधी प्रत्येकाला ओळख करून द्यायला पंधरा सेकंद मिळतात. आमच्या गुणपत्रिकेत आशय, मांडणी, गटातलं वागणं असे रकाने आहेत, पण ओळखीचा रकाना नाही. त्यामुळे मुलांना वाटतं की हा नुसता उपचार आहे. काही परीक्षकांनाही तसंच वाटतं, आणि ते मला जास्त खटकतं.

पंधरा सेकंदांत साध्या वेगाने तीसेक शब्द बोलून होतात. त्यातले पहिले दोन-तीन जवळजवळ वाया जातात. आधीचा उमेदवार नुकता थांबलेला असतो, परीक्षकाची मान कागदात असते, खुर्ची करकरते, आणि नेमकं त्याच क्षणी बहुतेक मुलं आपलं नाव सांगून मोकळी होतात. मग पदवी, टक्के, छंद. उरलेला वेळ ‘या संस्थेत येण्याचं माझं स्वप्न’ या वाक्यात जातो आणि ते वाक्य अर्धवट असतानाच घंटा वाजते.

त्या दिवशी पाच नंबरच्या मुलीने अगदी हेच केलं. चर्चा इंग्रजीत होती, मी मराठीत सांगते. “नमस्कार, माझं नाव अमुक. मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. मला अठ्ठ्याहत्तर टक्के मिळाले. वाचन आणि प्रवासाची मला आवड आहे. मी मेहनती आहे आणि गटात काम करायला मला…” घंटा. आवाज स्वच्छ, नजर समोर, चूक एकही नाही. तिच्याआधी दोघांनी वाचन आणि प्रवास सांगून झालं होतं, तिच्यानंतर आणखी एकाने सांगितलं.

तीन नंबरच्या मुलाने स्वतःच्या नावाच्या प्रत्येक अक्षरावरून एकेक गुण सांगायचा घाट घातला होता. असं शिकवणारे क्लास आहेत, आणि मुलं पैसे भरून ते शिकून येतात याचं मला वाईट वाटतं. त्याची शेवटची दोन अक्षरं राहून गेली. गट हसला, त्याची युक्ती सगळ्यांच्या लक्षात राहिली. पण पुढे पूर्ण चर्चेत एकानेही त्याच्याकडे वळून ‘तुमचं काय मत’ असं विचारलं नाही. अक्षरांवरून सांगितलेल्या गुणांमध्ये चर्चेत कामाला येईल असं काही नव्हतंच.

सात नंबरची मुलगी लगेच बोलायला लागली नाही. आम्ही दोघांनी माना वर करेपर्यंत थांबली. दीड-दोन सेकंद गेले असतील. मग म्हणाली, “रुग्णालयाच्या बिलाच्या काउंटरवर मी दोन वर्षं रात्रपाळी केली. रात्री दोन वाजता लोक पैसे कसे जमवतात, कसे भरतात, ते मी रोज पाहिलंय. माझं नाव अमुक.” बस. तीन-चार सेकंद शिल्लक ठेवून ती गप्प झाली. नाव शेवटी आलं, आणि त्यानंतर जी क्षणभर शांतता झाली तिच्यात ते नीट ऐकू आलं.

विषय उघडला तो असा : रोख व्यवहार पूर्णपणे बंद करावेत का? सात नंबरचं नशीब जोरावर होतं, हे खरं. विषय एखादा अमूर्त शब्द असता तर काउंटरचा एवढा उपयोग झाला नसता. पण नशीब म्हणून सगळं सोडून देता येत नाही. चार मिनिटांच्या आत दोन नंबर तिच्याकडे वळून म्हणाला, “तुम्ही तर रात्री हे रोज बघत होता, तिथे काय व्हायचं?” थोड्या वेळाने दहा नंबरनेही तेच केलं. गटचर्चेत बोलायला जागा मिळवण्यासाठी मुलं एकमेकांचं बोलणं तोडतात, आवाज चढवतात. हिला लोक आपणहून जागा करून देत होते. पंधरा सेकंदांत तिने स्वतःची जाहिरात केली नव्हती. कुठल्या गोष्टीसाठी आपल्याला विचारता येईल, एवढंच गटाला सांगून ठेवलं होतं.

एकट्या आठ नंबरने तिला विचारलं, “तुम्ही बँकेत होता ना?” तो तिच्या अगदी शेजारी बसला होता. त्याला दोष देता येत नाही. वर्तुळात बसून एकामागून एक बोलायचं असेल तर माणसाला आपल्या लगेच आधी बोललेल्याचं सर्वांत कमी आठवतं, कारण तेव्हा तो मनात स्वतःची वाक्यं घोळवत असतो. माल्कम ब्रेनर या मानसशास्त्रज्ञाने १९७३ साली हे प्रयोगातून दाखवलं. मी ते दर हंगामात समोर घडताना पाहते. तुमची ओळख तुमच्या पुढच्या नंबरला ऐकूच गेलेली नसते. ती पोचते पलीकडे बसलेल्यांपर्यंत, ज्यांची पाळी होऊन गेलेली असते किंवा अजून लांब असते. म्हणून बोलताना नजरही समोरच्या टोकाकडे हवी.

चर्चा अर्ध्यावर आली आणि ‘गरिबांना रोख लागते’, ‘काळा पैसा थांबेल’ या दोन वाक्यांभोवती फिरत राहिली. तेव्हा पाच नंबरने तोंड उघडलं. “नोट हातात पडली की देणं त्याच क्षणी फिटतं. खात्यातून पैसे पाठवताना एक मधली अवस्था असते. इकडून गेले, तिकडे पोचले नाहीत. त्या मधल्या वेळेचा धोका देणाऱ्याने उचलायचा, घेणाऱ्याने की बँकेने? हे ठरवल्याशिवाय रोख बंद करण्याचं बोलता येणार नाही.” त्या दिवसभरात ऐकलेला सर्वांत चांगला मुद्दा हाच. वाद रोख चांगली की वाईट यावरून हलला आणि जबाबदारी कुणाची यावर आला.

लगेच सात नंबर म्हणाली, “हो, बरोबर. लोक पैसे कापल्याचा मेसेज दाखवायचे, आमच्या खात्यात काही नसायचं. मग पेशंटला सोडायचं की थांबवायचं?” उदाहरण इतकं जिवंत होतं की पुढची पाच मिनिटं सगळे ‘काउंटरचा मुद्दा’, ‘त्या म्हणाल्या तसं’ असंच बोलत राहिले. समारोप करणाऱ्या नऊ नंबरने तर हात सात नंबरकडे करून सांगितलं की मधल्या वेळेच्या धोक्याचा प्रश्न यांनी मांडला. सात नंबरने ‘तो यांचा मुद्दा होता’ असं म्हणून पाच नंबरकडे बोट दाखवायला हवं होतं, असं मला वाटलं. तिने ते केलं नाही. पाच नंबरही काही बोलली नाही.

मग आम्ही गुण टाकले. नियम असा की दोघांनी आधी स्वतंत्र गुण द्यायचे आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला तर बसून मिटवायचा. आशयाला दहापैकी मी पाच नंबरला आठ दिले होते, माझ्या जोडीच्या सरांनी चार. सात नंबरला माझे सहा, त्यांचे नऊ. सरांच्या कागदावर मधल्या वेळेचा मुद्दा सात नंबरच्या नावाखाली होता.

सर अनुभवी आहेत, प्रामाणिक आहेत. पण त्यांची टिपणं घ्यायची पद्धत मला कधीच पटली नाही. ते प्रत्येक नंबरला एक चौकट आखतात आणि चर्चा मंदावली की आठवून आठवून त्या चौकटी भरतात. म्हणजे प्रत्येक वेळी ‘हे कोण बोललं’ असं स्वतःला विचारावं लागतं, आणि जो चेहरा ठसठशीत आठवतो तो पुढे येतो. मी चौकटी आखत नाही. बोलणं ज्या क्रमाने होतं त्या क्रमाने एकाखाली एक ओळी लिहिते : नंबर आणि दोन-तीन शब्द. त्या पानावर ‘५ – मधला वेळ, धोका कोणाचा’ आणि त्याखाली ‘७ – हो, मेसेज, काउंटर’ अशा ओळी होत्या. हात दुखतो, अक्षर घाणेरडं येतं, पण कोणाच्या बोलण्यातून काय निघालं हे त्यात दिसतं.

सर ऐकेनात. चित्रीकरण होत नाही, त्यामुळे पुरावा नव्हता. शेवटी त्यांच्याच कागदावर तोडगा सापडला. सात नंबरच्या चौकटीत त्यांनी लिहिलं होतं, ‘हो, बरोबर – मेसेज दाखवतात, पैसे जमा नाहीत’. मी विचारलं, “सर, हे ‘हो, बरोबर’ ती कोणाला म्हणाली?” ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि मग त्यांनी पाच नंबरच्या आशयाचे गुण सात केले.

सात नंबरचे नऊ मात्र त्यांनी फक्त आठपर्यंत उतरवले. त्यांचं म्हणणं, गटाला आपल्या मुद्द्यावर आणणं हेच तर आपण तपासतो, आणि ते तिने केलं. मी म्हटलं, त्याचे गुण गटातल्या वागण्याच्या रकान्यात द्या, मीही तिथे तिला भरपूर दिलेत. आशयाच्या रकान्यात दुसऱ्याचा मुद्दा कसा मोजायचा? यावर आमचं आजही एकमत नाही.

सह्या झाल्या, लिफाफा बंद झाला, मग अर्ज उघडले. पाच नंबरने वर्षभर एका बँकेच्या तक्रार विभागात काम केलं होतं. अडकलेल्या व्यवहारांचा माग काढायचं काम. मी तो कागद तसाच धरून बसले. ‘एका खात्यातून निघालेले आणि दुसऱ्यात न पोचलेले पैसे शोधणं हे माझं वर्षभराचं काम होतं’ हे वाक्य म्हणायला सहा-सात सेकंद लागतात. ती ते बोलली असती तर दोन नंबरने पहिला प्रश्न तिला विचारला असता, नऊ नंबरचा हात तिच्याकडे गेला असता आणि सरांची चौकट चुकली नसती. आठ नंबरने ‘बँकेत होता ना’ हा प्रश्नसुद्धा योग्य माणसाला विचारला असता. अठ्ठ्याहत्तर टक्के तर अर्जावर होतेच.

माझी तक्रार तिच्याबद्दल नाही. टक्के आणि छंद सांगा असं तिला कुणीतरी पढवलं असणार. माझी तक्रार आमच्या व्यवस्थेबद्दल आहे. ओळखीला गुण नाहीत असं आम्ही सांगतो आणि मग तिच्यावरून ठरलेल्या आठवणीने बाकीचे रकाने भरतो. मी प्रवेश विभागाला दोन गोष्टी लिहून दिल्या : दोन ओळखींमध्ये चार सेकंद थांबावं, म्हणजे आधीच्याबद्दल एक शब्द टिपता येईल आणि पुढच्याचं नाव वाया जाणार नाही, आणि परीक्षकांनी टिपणं बोलण्याच्या क्रमानेच घ्यावीत. दुसरीवर ‘विचार करू’ असं उत्तर आलं. पहिली वेळापत्रक कोलमडेल म्हणून फेटाळली गेली. दहा उमेदवारांच्या गटाला चाळीस सेकंदसुद्धा लागत नाहीत. पुढच्या बैठकीत मी हा हिशोब घेऊन पुन्हा जाणार आहे, आणि सरांनी तिथे माझ्या बाजूने बोलायचं कबूल केलं आहे.