१८० वजा ११८

जून आला की आमच्या एजन्सीत कॉलेजच्या जाहिरातींची रांग लागते. सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते: सरकारी केंद्रीभूत प्रवेशाच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरताना पालकांनी त्यांच्या कॉलेजचा कोड वर टाकावा. हे कॉलेज तालुक्याच्या गावाबाहेरचं, खासगी इंजिनिअरिंग. संस्थेच्या सचिवांनी मजकूर सांगूनच टाकला, "मॅडम, वर मोठ्ठं लिहा, १००% प्लेसमेंट." आमचा अकाउंट मॅनेजर लगेच हो म्हणाला. तो सगळ्यालाच हो म्हणतो, नंतर निस्तरायचं आम्ही.

मी प्लेसमेंटची यादी मागितली. कॉलेजातलं प्लेसमेंट बघणाऱ्या टीपीओ सरांनी दुसऱ्या दिवशी एक्सेल पाठवली आणि सोबत एक ओळ: "९८% आहे, १०० लिहिलं तरी चालेल." पोरं पास झाली होती १८०. ऑफर लेटर १७१. म्हणजे पंच्याण्णव टक्के की! पण नावं अकारविल्हे लावली तेव्हा तेच ते विद्यार्थी दोनदा, तीनदा दिसायला लागले. नावं मोजली तर ११८. मग ९८ आले कुठून? साठ टक्क्यांच्या वर मार्क, एकही बॅकलॉग नाही आणि प्लेसमेंटसाठी नोंदणी केलेली अशी मुलं होती १२०. त्या १२० पैकी ११८. उरलेल्या साठांना छेदातूनच काढलं होतं. खोटं काहीच नव्हतं, भागाकारही बरोबर होता. आपलं मूल त्या १२० मध्ये असेल की साठांत, हे मात्र पालकाला प्रवेश घेताना कसं कळणार?

सचिवांना मी १८० पैकी ११८ हा आकडा सुचवला. ते म्हणाले, "६५ टक्के लिहून कोण येणार? मग १००% प्लेसमेंट असिस्टन्स लिहा." ही पळवाट सगळ्यांनाच ठाऊक असते. मदत शंभर टक्के, नोकरी देवाच्या हवाली, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यात राहतो तो शंभरचा आकडा. मी नाही म्हणाले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, हे सांगितल्यावर ते जरा गप्प झाले. माझ्या तत्त्वांचा परिणाम शून्य, दहा लाखांचा बराच.

खरी झटापट लेआउटवर झाली. जाहिरातींसाठी ॲस्की या जाहिरात क्षेत्राच्याच स्वनियमन संस्थेची जी नियमावली आहे, तिच्याप्रमाणे प्लेसमेंटचा दावा केला की 'मागील नोंद ही पुढील नोकरीची हमी नाही' असा खुलासा हवा, आणि त्याची अक्षरं दाव्यापेक्षा लहान नकोत. डिझायनरने ११८ हा आकडा ४८ पॉइंटमध्ये लावला होता. त्याच मापात खुलासा टाकला तर पाव पानाची जाहिरात हमी नसल्याचीच झाली. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत ढकलायची सवय लागलेल्या माणसाला हे शिक्षेसारखं वाटतं. मला त्यात वाट दिसली. दावाच चौदा पॉइंटवर आणला, खुलासा शेजारी चौदालाच, दोन्ही एका चौकटीत.

मग हेडिंगला काय? त्यासाठी मी एक सकाळ ॲडमिशन काउंटरजवळ बसून काढली. पॅकेजचं विचारणारे होते, पण मुलींचे वडील आधी बसचं विचारत होते. एक गृहस्थ, धोतर-टोपी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली मार्कलिस्ट. म्हणाले, "प्रॅक्टिकल लांबलं तर पोरगी घरी कशी येणार?" क्लार्क म्हणाला, शेवटची बस ५:२० ला, पण प्रॅक्टिकल संपल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही. ब्रोशरमध्ये हे कुठेच नव्हतं. तेच हेडिंग झालं: 'शेवटचं प्रॅक्टिकल संपल्यावरच शेवटची बस सुटते.' खाली वर्कशॉपचा खरा फोटो, फी, आणि ती चौकट. लोगो चोवीस आले होते, पण बऱ्याच कंपन्या कॅम्पसला येऊन वर्षं उलटली होती. एकाही लोगोची परवानगी नव्हती, म्हणून सगळे काढले.

चौकटीत मी आणखी एक वाक्य लिहिलं होतं: 'उरलेल्या ६२ जणांबद्दलही आम्हाला विचारा.' सचिवांनी प्रूफवर लाल पेनाने ते खोडलं. मी फार ताणलं नाही. संध्याकाळी सहापर्यंत मजकूर पेपरला द्यायचा होता, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यावर सुटले असं वाटलं.

जाहिरात आली त्याच्या तिसऱ्या दिवशी टीपीओ सरांचा फोन. काउंटरवर एका बाईंनी पेपरचं कात्रण पुढे करून विचारलं होतं, "एकशेऐंशीतून एकशेअठरा गेले, बासष्ट राहिले. ते काय करतात?" सरांनी मलाच विचारलं, आता काय उत्तर द्यायचं? मी म्हणाले, खरं ते सांगा. त्यांनी शोधलं तेव्हा वीस जण पुढे शिकत होते, नऊ जण स्पर्धा परीक्षेच्या मागे होते. उरलेल्या तेहतीस जणांपुढचा रकाना कोरा. त्यांना पास झाल्यावर कॉलेजातून कुणी फोनच केला नव्हता.

त्या बाईंनी प्रवेश घेतला की नाही, ते सरांना आठवत नाही. तेहतीस जणांना फोन लावायला सांगून मला दोन आठवडे झाले. परवा विचारलं तर म्हणाले, ॲडमिशनची गडबड संपू दे.