थांबवायचं बटण पळून जातं

रामबागेतल्या आजींना डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, मॅक्युला, झिजल्यामुळे मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. नातवाने फोनवर पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक लावून दिलं आणि तो पुण्याला गेला. बोटाच्या खुणा मात्र शिकवल्या नाहीत. घरचे लोक हे नेहमी असंच करतात. टॉकबॅक सुरू झालं की एकदा टेकवल्यावर फोन फक्त वाचतो; उघडायला दोनदा टेकवावं लागतं आणि पान सरकवायला दोन बोटं लागतात. आजींना वाटलं फोन बिघडला.

मला हे शिकवायला दहा मिनिटं लागली. खरा घोळ मालिकांच्या अ‍ॅपवर मालिका सुरू झाल्यावर झाला.

"थांबवू कसं हो ताई? बटण सापडेपर्यंत पळून जातं."

बरोबरच होतं. व्हिडिओवरची बटणं काही सेकंदांत आपोआप लपतात. डोळस माणूस चटकन दाबतो. ऐकून शोधणारा एकेक बटण ओलांडत जातो, आणि मधेच सगळी गायब. मी अँड्रॉइडच्या Accessibility सेटिंगमध्ये Time to take action एक मिनिटावर नेलं. त्याने फोनच्या सूचना जास्त वेळ टिकल्या, पण या अ‍ॅपची बटणं तशीच पळत राहिली. ही वेळ अ‍ॅपने फोनला विचारून घ्यायची असते, आणि बनवणाऱ्यांनी ती विचारलीच नव्हती. बटणाचं नावही "अनलेबल्ड" असं वाचलं जात होतं.

मग बटण शोधणंच सोडलं. अँड्रॉइड 11 आणि पुढच्या बऱ्याच फोनांत टॉकबॅक सुरू असताना दोन बोटांनी पडद्यावर कुठेही दोनदा टेकवलं की चालू व्हिडिओ थांबतो, पुन्हा तसंच केलं की सुरू होतो. नेम धरावा लागत नाही. आजींची बोटं आधी एकामागून एक पडत होती, म्हणून फोनला ती एकाच बोटाची खूण वाटायची. दोन्ही बोटं जुळवून, चिमटीसारखी नव्हे, शेजारी ठेवून टेकवायला सांगितलं. पाचव्या खेपेला जमलं.

अक्षरांचा प्रश्न वेगळा. नातवाने फाँट आणि डिस्प्ले साइज दोन्ही शेवटच्या टोकाला नेलं होतं. डिस्प्ले साइज वाढलं की बटणं, चित्रं, सगळंच फुगतं. पडद्यावर कमी मावतं आणि या अ‍ॅपमध्ये मालिकांची नावं अर्धवट कापली जात होती. डिस्प्ले साइज मुळावर आणलं, फाँट मोठाच ठेवला. रेटिनायटिस पिगमेंटोसावाल्याला, ज्याला मधलंच तेवढं दिसतं, मी फाँटही इतका वाढवू देत नाही. त्याच्या नजरेच्या चिंचोळ्या फटीत एक अक्षरच उरेल.

राहिला आवाज. मालिकेच्या आवाजात टॉकबॅकचं बोलणं बुडत होतं. त्याच्या सेटिंगमधलं ऑडिओ डकिंग सुरू केल्यावर तो बोलताना मालिकेचा आवाज खाली येतो. आवाज मराठी निवडला, नाहीतर मराठी नावं हिंदी धाटणीने वाचली जातात आणि आजी हसतात.

अनलेबल्ड बटण मात्र तसंच आहे. टॉकबॅकमधून त्याला नाव द्यायचा प्रयत्न केला, पण अ‍ॅपने त्याला आतली ओळखच दिलेली नसेल तर नाव टिकत नाही. कंपनीला दोनदा लिहिलंय.