तिसरा दिवस कुठून मोजायचा? स्क्रब टायफसची केस लिहिताना

युनिटमधल्या ज्युनिअरने स्क्रब टायफसच्या, म्हणजे बारीक किडा चावल्याने होणाऱ्या तापाच्या, एका रुग्णाची केस लिहून काढली आणि संपादन माझ्याकडे आलं. मेहनत भरपूर होती, पण मसुदा डिस्चार्ज कार्डसारखा वाटत होता. रोजचा बीपी, रोजचं सीबीसी, सगळंच होतं. फक्त आजार कसा पुढे सरकला, ते कळत नव्हतं.

मुख्य अडचण दिवसांची होती. 'तिसऱ्या दिवशी' म्हणजे तापाचा तिसरा की भरती झाल्यानंतरचा? दोन्ही अर्थांनी तो शब्द आला होता. मी तारखा काढून टाकल्या, त्यामुळे रुग्णाची ओळखही झाकली गेली. ताप आला तो पहिला दिवस धरून सगळं पुन्हा मांडलं. भरती सहाव्या दिवशी, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक त्याच दिवसापासून. नवव्या दिवशी काखेत काळी खपली, म्हणजे एस्कार सापडला आणि डॉक्सीसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा सुरू झालं. अकराव्या दिवशी ताप उतरला.

एवढं एका तक्त्यात बसवल्यावर एक गोष्ट खटकली. 'एनएस१ निगेटिव्ह, म्हणून डेंग्यू नाही' असं मसुद्यात होतं. ती तपासणी भरतीच्या दुसऱ्या दिवशीची, म्हणजे तापाच्या सातव्या दिवसाची निघाली. एनएस१ हे डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन सापडण्याची शक्यता पहिल्या पाचेक दिवसांत जास्त असते, नंतर निगेटिव्ह आलं तरी डेंग्यू नाही असं म्हणता येत नाही. फाइल परत काढली. त्याच नमुन्यावर डेंग्यू आयजीएम, म्हणजे अँटीबॉडीची तपासणीही झाली होती आणि तीही निगेटिव्ह होती, फक्त लिहायची राहिली होती. ते वाक्य आत घेतलं.

मग काटछाट. ज्या तपासणीने निदान किंवा उपचार बदलला नाही, ती गाळली. प्लेटलेट आणि एसजीपीटी ठेवले, पण तीनच वेळचे: भरतीच्या वेळचे, सर्वांत बिघडलेले आणि घरी जातानाचे. एस्कारबद्दल मात्र दोन वाक्यं वाढवली. तो दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. या रुग्णाचा हात पूर्ण वर करायला लावल्यावरच तो दिसला.

शेवटचा भाग सगळ्यात जास्त वेळा लिहिला. मूळ वाक्य होतं, 'प्रत्येक तापात स्क्रब टायफसचा विचार करावा.' एका रुग्णावरून एवढं म्हणता येत नाही. त्याऐवजी लिहिलं: ताप पाच दिवसांपेक्षा जास्त टिकला आणि मलेरिया निगेटिव्ह असेल, तर काख, जांघ, कमरेची घडी आणि स्तनांखाली पाहावं, एस्कार नसला तरी स्क्रब टायफस नाही असं समजू नये. आमच्याकडे स्क्रब आयजीएम एकदाच झालं होतं, दुसरा नमुना नव्हता, हेही त्याच परिच्छेदात घातलं. ज्युनिअरला वाटलं, यामुळे केस कमकुवत दिसेल. मला वाटतं, एस्कार, आयजीएम आणि दोन दिवसांत उतरलेला ताप हे तिन्ही एकत्र वाचल्यावर निदान पुरेसं पक्कं उभं राहतं.