गल्ल्यातून घरी गेलेले पैसे

‘नोकराचा पगार खर्चात धरता, मग मी दिवसभर दुकानात उभा असतो त्याचा पगार का नाही धरत?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. रविवार पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानदारांनी स्वतःच्या वहीत ‘मालकाचा पगार’ असं खातंच उघडलं होतं. दरमहा 40,000, म्हणजे वर्षाचे 4,80,000. दुकानाची खरी कमाई 6,40,000 होती, पण त्यांनी नफा दाखवला 1,60,000. पुढच्या वर्षी मुलगी हॉस्टेलला गेली आणि ते महिन्याला 60,000 नेऊ लागले. विक्री तेवढीच, भाडं तेवढंच, पण वहीत दुकान 80,000 तोट्यात! हॉस्टेलच्या फीचा आणि कढया विकण्याचा संबंध काय?

खर्च तो, जो कमाईसाठी होतो. नोकर नसता तर विक्री घटली असती. तुम्ही घरी 40,000 नेलेत काय, 60,000 नेलेत काय, कढई त्याच भावाने विकली जाते. नफा आधी ठरतो, त्यातून किती न्यायचं हे नंतर. आणि नोकरी द्यायला दोन माणसं लागतात. एकट्याच्या धंद्यात तुमचा आणि दुकानाचा पॅन एकच, त्यामुळे स्वतःला पगार देऊन आयकरात वजावट मिळत नाही. दोन्ही वर्षी कर 6,40,000 धरूनच काढायचा. (प्रायव्हेट लिमिटेड असती तर गोष्ट वेगळी, तिथे कंपनी ही कायद्याने दुसरी व्यक्ती.)

म्हणून घरी नेलेली रक्कम उचल खात्यात जाते: उचल नावे, रोख जमा. वर्षअखेर उचल भांडवलातून वजा होते. त्यांचं भांडवल सुरुवातीला 5,00,000 होतं. नफा मिळवून, उचल वजा करून पहिल्या वर्षी 6,60,000 झालं, दुसऱ्या वर्षी 5,80,000. ते 80,000 हे तोट्याचे नव्हतेच, कमाईपेक्षा जास्त नेल्याचे होते. माल पुरवणाऱ्यांची उधारी का वाढली, ते त्यांना इथे कळलं.

Tally मध्ये उचलीचं लेजर Indirect Expenses खाली टाकलेलं मला दर वर्षी कुठे ना कुठे सापडतं. ते Capital Account खाली हवं. दुकानाच्या खात्यातून भरलेला तुमचा आयकर, एलआयसीचा हप्ता, तेही उचलच.

‘आणि घरी नेलेला कुकर?’ हा त्या दुकानदारांचा पुढचा प्रश्न. तोही. 1,800 ला घेतला असेल तर 1,800 नेच, 2,300 च्या विक्रीभावाने नाही: उचल नावे, खरेदी जमा. त्यावर जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल तर तेवढं परत करायचं, आणि तो करही उचलीतच धरायचा. यावर ते म्हणाले, ‘मग पुढचा कुकर शेजारच्या दुकानातून घेतो.’