आमची रजा आता कोण मंजूर करणार?

मी तेव्हा चाकणच्या एका कारखान्यात एचआर बघत होते. तिथे मेंटेनन्सची दोन वेगळी खाती होती, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल. दोन्हींचे इनचार्ज वेगळे, बसायच्या जागा वेगळ्या. मेकॅनिकलचे फिटर तिन्ही पाळ्यांत असत. इलेक्ट्रिशियन पहिल्या आणि दुसऱ्या पाळीत, रात्री फक्त गरज पडली तर घरून बोलवायचे. एका रात्री प्रेस बंद पडला. फिटरने हायड्रॉलिक लाइन उघडली, तपासली, पुन्हा जोडली. दोष तिथे नव्हताच. एक प्रॉक्सिमिटी स्विच सिग्नल देत नव्हता. इलेक्ट्रिशियन राजगुरुनगरहून येईपर्यंत लाइन उभी. बदलायचा भाग तळहातावर मावेल एवढा, आणि काम दहा मिनिटांचं. असं वारंवार होत होतं, म्हणून दोन्ही खाती मोडून प्रत्येक लाइनला फिटर आणि इलेक्ट्रिशियनांची एकत्र टीम द्यायची, असं व्यवस्थापनाने ठरवलं. हे लोकांना कळवायचं काम माझ्याकडे आलं.

वरून आलेल्या मसुद्यात पहिला परिच्छेद होता ‘कार्यक्षमता वाढवण्यासाठी व बदलत्या व्यावसायिक गरजांना अनुसरून’. मी तो काढला. शॉपवर असं वाक्य वाचलं की माणूस त्यातून एकच अर्थ काढतो : कपात. त्या जागी मी प्रेसच्या त्या रात्रीची हकिगत चार ओळींत लिहिली. ती सगळ्यांना ठाऊक होती, कुणाला दोष देणारी नव्हती, आणि खरं कारण तेच होतं. त्याखाली लिहिलं, ‘या बदलात कोणाचीही नोकरी जाणार नाही, कायम कामगारांची कामं कंत्राटावर दिली जाणार नाहीत.’ हे वाक्य लिहिण्याआधी प्लँट हेडकडून लेखी घेतलं. ‘सध्या’ हा शब्द त्यात घालावा, असं एकाने सुचवलं होतं. मी ठाम नकार दिला. ‘सध्या’ लिहायचं असेल तर आख्खं वाक्यच लिहू नये, कारण वाचणारा तेवढा एकच शब्द घेऊन घरी जातो.

मग तक्ता केला. त्यात खात्यांची नावं नव्हती, माणसं होती. फिटर, इलेक्ट्रिशियन, शिफ्ट सुपरवायझर, दोन्ही इनचार्ज, स्टोअरचे लोक, कंत्राटी हेल्पर. प्रत्येकापुढे दोन रकाने : काय बदलणार आणि काय तसंच राहणार. फिटरच्या ओळीत बदल एकच होता, रिपोर्टिंग. इलेक्ट्रिशियनच्या ओळीत दोन : रिपोर्टिंग आणि रात्रपाळी. ‘तसंच राहणार’ हा रकाना मुद्दाम मोठा ठेवला. त्यात ग्रेड, मूळ पगार, शिल्लक रजा, आधीच मंजूर झालेल्या रजा, सेवेची वर्षं. भीती नेमकी याच गोष्टींबद्दल असते, आणि नोटिशीत त्यांचा उल्लेख नसला की त्यांनाही धक्का लागणार, असंच माणूस धरून चालतो.

रात्रपाळीने तारखांचा प्रश्न आणला. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ चं कलम ९अ तेव्हा सांगत होतं की चौथ्या अनुसूचीतल्या सेवाशर्तीत बदल करायचा असेल, तर कामगारांना नोटीस देऊन २१ दिवस झाल्याशिवाय तो अमलात आणता येत नाही. पाळ्यांच्या पद्धतीतला बदल त्या अनुसूचीत येत होता. कोणी कोणाला रिपोर्ट करायचं, हे येत नव्हतं. दोन्ही बदल एकाच तारखेला लागू करायची घाई वर होती. मी वकिलांचं मत घेतलं आणि दोन तारखा ठरवल्या : रिपोर्टिंग एक तारखेपासून, रात्रपाळी कायदेशीर नोटिशीची मुदत संपल्यावर. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. तिच्या कलम ४० मध्येही मुदत २१ दिवसांचीच आहे.) ही कायदेशीर नोटीस वेगळी आणि लोकांना समजावणारं पत्रक वेगळं ठेवलं. दोन्ही एकत्र केली की कायद्याच्या भाषेत माणसाचा प्रश्न बुडतो.

दिवस निवडणं हे या कामातलं सगळ्यात अवघड काम, असं मी मानते. आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. बुधवारी संध्याकाळी नोटीस लावून मोकळं होणारे पुष्कळ पाहिलेत. मग गुरुवारभर लोक घरी एकमेकांना फोन करत बसतात आणि उत्तर द्यायला कोणी नसतं. आम्ही सोमवार घेतला. दुसरा पेच पाळ्यांचा. सकाळी पहिल्या पाळीला सांगितलं, तर दुपारी तीनला येणारी पाळी आठ तास ऐकीव माहितीवर राहणार. म्हणून सुरुवात रात्री करायची ठरवली. अकराला दुसरी पाळी सुटते आणि तिसरी येते, तेव्हा दोन्ही एकत्र भेटतात. उरलेली पहिली पाळी सकाळी सातला. मधल्या आठ तासांत बहुतेक जण झोपलेले.

सोमवारी सकाळी अकराला इलेक्ट्रिकलच्या इनचार्जना बोलावलं. सगळे त्यांना अण्णा म्हणत. कारखाना उभा राहिला तेव्हापासूनचे. त्यांची माणसं आता त्यांच्याकडे राहणार नव्हती. प्लँट हेडनी कारणांपासून सुरुवात केली. लाइन किती वेळ बंद राहते, ग्राहक काय म्हणतो. अण्णांचं लक्ष त्यात नाही, हे मला समोर दिसत होतं. माणूस त्या खुर्चीत बसला की स्वतःचं काय, एवढंच ऐकत असतो. मी मध्ये बोलले. ‘अण्णा, तुमची नोकरी, ग्रेड, पगार यात बदल नाही. तुमची माणसं मात्र एक तारखेपासून लाइन इंजिनिअरना रिपोर्ट करतील. तुमच्याकडे सगळ्या प्लँटची विद्युत सुरक्षा आणि प्रशिक्षण येईल. हे पत्र.’

त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली. ‘मॅडम, माझं काही चुकलं का?’

‘नाही. चुकलं असतं तर ते वेगळं, तुम्हाला सरळ सांगितलं असतं.’

मग ते म्हणाले, ‘पोरांना मी सांगतो.’ मी नको म्हटलं. निर्णय त्यांचा नव्हता. तो त्यांच्या तोंडी घालणं त्यांच्यावर अन्याय झाला असता, आणि पोरांनी त्यांच्यापाशी राग काढला असता. प्लँट हेड सांगतील, अण्णा शेजारी उभे राहतील आणि विजेच्या कामाबद्दल बोलतील, असं ठरलं. इनचार्जशी अशी वेगळी, आधी भेट झाली नसती तर ते रात्री सगळ्यांसोबत पहिल्यांदा ऐकत उभे राहिले असते. पंचवीस-तीस डोळे त्यांच्या चेहऱ्याकडे लागलेले असते. मला ते मान्यच नव्हतं.

दुपारी तीनला सुपरवायझर. त्यांना आधी सांगायचं ते मान राखायला, असं समजलं जातं. माझ्या मते त्याचं खरं कारण वेगळं : नोटिशीतलं भोक त्यांनाच दिसतं. पत्रकात वाक्य होतं, ‘टीमला सर्व सूचना लाइन इंजिनिअर देतील.’ एका जुन्या सुपरवायझरने विचारलं, ‘लाइन इंजिनिअर मेकॅनिकलचे. पॅनल बंद करून कुलूप-टॅग लावायचा परमिट त्यांच्या सहीने निघणार का?’ बैठक एकदम गप्प झाली. सप्लाय कोण तोडणार आणि पुन्हा कोण जोडणार, याचा अधिकार नेमून दिलेल्या, प्रशिक्षित माणसाकडेच असावा लागतो. लाइन सुरू करायच्या दबावाखाली असलेल्या इंजिनिअरकडे तो गेला, तर पॅनलमध्ये हात घातलेला माणूस जिवाला मुकू शकतो. तिथल्या तिथे वाक्य बदललं : कोणतं काम आधी करायचं ते लाइन इंजिनिअर सांगतील, विजेचा परमिट, आयसोलेशन आणि पुन्हा चालू करणं हे अण्णा व त्यांनी नेमलेल्या इलेक्ट्रिशियनच्याच सहीने. अण्णांच्या नव्या पदाला या वाक्याने खरा अर्थ आला, असं मला वाटतं.

पाचला युनियनची कमिटी. त्यांच्या हातात दोन्ही कागद एकत्र दिले.

रात्री पावणेअकराला कँटीनमध्ये दोन्ही पाळ्या. प्लँट हेड सहा-सात मिनिटं बोलले, मराठीत, कागदावरून. मी तसं सुचवलं होतं, कारण सकाळी सातला शब्द न् शब्द तेच बोललं जायला हवं होतं. मग प्रश्न. कारणांवर कोणी अडलं नाही. पहिला प्रश्न मागून आला, ‘आमची रजा आता कोण मंजूर करणार?’ पाठोपाठ : रात्रपाळी किती आठवड्यांनी येणार, भोसरीकडची बस रात्री वळसा घेणार का, टूलकिट कुठे ठेवायचं. इलेक्ट्रिकलची खोली मोजायला सुतार आला होता म्हणजे खातं कंत्राटाला दिलं, ही कुजबुज आठवडाभर होती. तीही एकाने उघड विचारली. प्लँट हेडनी सांगितलं, खोलीत प्रशिक्षणाचं पॅनल बसणार आहे. बसचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. तसं सांगितलं आणि बुधवार दुपारची वेळ दिली.

प्रश्न कुठे न्यायचे, हे पत्रकात ‘एचआरशी संपर्क साधावा’ एवढ्यावर सोडलं नव्हतं. शॉपवरच्या माणसाला कंपनीचा मेल नसतो, आणि रात्रपाळीच्या वेळी एचआरच्या दाराला कुलूप असतं. म्हणून वाट विषयानुसार लिहिली. रोजच्या कामाचं लाइन इंजिनिअरकडे. रजा, पाळी, भत्ता याचं टाइम ऑफिसच्या खिडकीवर. तिथे पहिला आठवडा आमच्यापैकी एक जण रात्री साडेदहा ते साडेअकराही बसेल. विजेच्या परमिटचं अण्णांकडे. समोर बोलायचं नसेल, तर युनियन कमिटी किंवा खिडकीतली वही, नाव न लिहिता. वहीतल्या प्रश्नाचं उत्तर दोन कामाच्या दिवसांत बोर्डावर, प्रश्नासकट. रजेवर असलेल्यांना सोमवारी रात्रीच फोन केले. कंत्राटी हेल्परांना त्यांच्या कंत्राटदाराकडून, पण त्याच तासाला. मेल मंगळवारी सकाळी नऊला गेला, तोवर ज्यांच्या कामावर परिणाम होणार होता ते सगळे ऐकून झाले होते.

वहीत सगळ्यात जास्त प्रश्न आले ते रजेचे. एकाने लिहिलं होतं, बहिणीच्या लग्नाची रजा अण्णांनी तोंडी दिली होती, कागद नाही. अण्णांना विचारलं, त्यांनी हो म्हटलं, आणि बोर्डावर उत्तर लागलं : जुन्या इनचार्जनी तोंडी कबूल केलेल्या रजा शुक्रवारपर्यंत त्यांच्याकडून लिहून घ्याव्यात, त्या धरल्या जातील. दुसऱ्या दिवशी अण्णांच्या टेबलासमोर रांग लागली होती.

नोटिशीवर युनियनने एकच मोठी हरकत घेतली. पंचावन्नच्या पुढच्या आणि साखर-बीपीचा त्रास असलेल्या इलेक्ट्रिशियनांना रात्रपाळी नको. डॉक्टरांच्या दाखल्यावर ती मान्य झाली आणि सुधारित तक्ता पुन्हा तिन्ही पाळ्यांना वाचून दाखवला. बसचा रस्ता मात्र ट्रान्सपोर्टवाल्याने बदलायला नकार दिला. बुधवारी दुपारी बोर्डावर तेही लागलं, आणि रात्रपाळीपुरती त्या भागातल्या इलेक्ट्रिशियनांसाठी गाडी लावल्याचं त्याखाली, ड्रायव्हरच्या फोन नंबरसह.