अॅटवूडची कप्पी: ताण काट्यावर वाचला

त्वरण मोजून झालं होतं, पण दोरीतला ताण अजून कागदावरच होता. जॉर्ज अॅटवूडने १७८४च्या आपल्या ग्रंथात मांडलेल्या यंत्राचंच हे घरगुती रूप. फरक एवढाच की कप्पीची चौकट मी ताणकाट्याला टांगली आहे. दोरीच्या एका टोकाला ३०० ग्रॅम, दुसऱ्याला १००.

जड बाजूसाठी m₁g − T = m₁a, हलक्या बाजूसाठी T − m₂g = m₂a. दोन्हींची बेरीज केली की T उडून जातो:

a = (m₁ − m₂)g / (m₁ + m₂)
T = 2m₁m₂g / (m₁ + m₂)

आपल्या आकड्यांना a = ४.९ मी/से², T = १.४७ न्यूटन. वजनं २.९४ आणि ०.९८ न्यूटन, म्हणजे ताण दोन्हींच्या मध्ये बसला. तसाच बसायला हवा, नाहीतर एक खाली आणि दुसरं वर जाणारच नाही.

आता टोकाच्या स्थिती. वस्तुमानं सारखी घेतली तर a शून्य आणि T = mg; इथे 2mg येतो असं पुष्कळांना वाटतं. m₂ शून्य केलं तर a = g, T शून्य: मोकळं पडणं. मला सर्वांत आवडते ती तिसरी. m₁ वाटेल तेवढं वाढवा, ताण 2m₂g च्या पुढे जात नाही. जड वजन g पेक्षा जास्त त्वरणाने पडूच शकत नाही, म्हणून हलकंही फार तर g ने वर जाईल. त्याला पेलायला m₂g आणि वर ओढायला आणखी m₂g, एवढंच दोरीला पुरवावं लागतं.

चौकटीवर 2T येतो, म्हणजे ३०० ग्रॅमचा भार. चाकात खीळ घालून थांबवलं तेव्हा काटा ४०० दाखवत होता (कप्पी व चौकटीचं वजन वजा करून). खीळ ओढली आणि तो खाली आला. जड वजन हाताने धरून सोडलं तर मात्र उलट होतं: धरलेलं असताना दोन्ही दोऱ्यांत १०० ग्रॅमचाच ताण, काटा २०० वर, आणि सोडल्यावर तो चढतो. त्यामुळे सुरुवात कशी करता ते नोंदवा.

एक मीटर घसरायला पाऊण सेकंदही लागत नाही आणि काटा हेलकावे खातो. फोनवर स्लो मोशनमध्ये चित्रण करून हेलकाव्यांचा मध्य काढला: साधारण ३१०.

वरचे १० कुठून आले? माझं लाकडी चाक ६० ग्रॅमचं भरीव आहे. त्याला फिरवायला ३० ग्रॅम जादा वस्तुमानाइतका प्रयास पडतो, म्हणून छेदात ४०० ऐवजी ४३० येतात. त्वरण ४.५६ वर उतरतं, दोन्ही बाजूंचे ताण वेगळे होतात आणि त्यांची बेरीज ३०७ ग्रॅम भरते. उरलेला फरक आसाच्या घर्षणाने पडू शकतो, कारण गती जितकी मंद तितकं वाचन ४०० कडे सरकतं. आता हेच हलक्या अॅल्युमिनियम चाकावर करून बघतो.