तुम्ही विचारलंत म्हणून

"आपलंच लिहिलेलं आपण तपासतो तेव्हा चुका दिसतच नाहीत, तुम्हाला कशा दिसतात?"

डोळ्यांना नाही दिसत, मला आधी ऐकू येतात. गेल्या महिन्यात आमच्या फोंड्याच्या एका स्मरणिकेसाठी मांडवीचा जुना पूल पडला त्यावर दोन पानं लिहिली, त्याचंच सांगते.

रात्रभर ठेवून सकाळी प्रिंट काढली आणि प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून मोठ्याने वाचली. बोट हवंच, कारण तोंड फार चांगलं असतं, राहिलेला शब्द आपणहून भरून वाचतं. तिसऱ्याच वाक्यात अडखळले. 'रोज पर्वरीहून पणजीला कामाला जाताना पूल पडला.' मनात शंभरदा वाचलेलं, पण कानाने ऐकलं तर कामाला पूलच चाललाय! मग केलं, 'बाबा रोज पर्वरीहून पणजीला कामाला जायचे, त्याच पावसाळ्यात पूल पडला.' वाक्यं मोडायची-जोडायची ती याच फेरीत, नंतर केलीत तर नव्या चुका घुसतात.

पण कानाला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही हो. पुल म्हणा नाहीतर पूल, आपण बोलतो सारखंच. म्हणून दुसरी फेरी मुकाट्याने, पेन्सिल घेऊन, आणि तीसुद्धा शेवटच्या ओळीकडून वर, म्हणजे गोष्टीत मन ओढलं जात नाही. या फेरीत इ-उ सोडून काहीच बघायचं नाही, स्वल्पविराम खुणावत असला तरी नाही. पूल, मूल, वीज, हे मराठी शब्द सुटे असताना दीर्घ, प्रत्यय लागला की ऱ्हस्व: पुलावर, मुलाला, विजेचा. माझ्या दोन पानांत 'पूलावरून' तीनदा आणि 'पुल पडला' एकदा, आणि मोठ्याने वाचताना एकही सापडलं नव्हतं. (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले गीत, दीप वगैरे मात्र बदलत नाहीत, गीताला, दीपाला. तिथे घाईने सुधारायला जाऊ नका, मी आधी तेच करायचे.)

तिसरी फेरी नुसत्या अनुस्वारांची. सगळीकडे 'बाबांनी', 'बाबांचा' आणि एका ठिकाणी 'बाबाना फेरीबोटीच्या रांगेत'. आदर एका टिंबात असतो, ते गेलं की मला फार वाईट वाटतं, म्हणून ही फेरी मी कधीच सोडत नाही. लोकांना, सगळ्यांनी, त्यांच्या, एवढ्याच शब्दांवर थांबत जायचं.

शेवटी आकडे. ते मी सुटे सुटे वाचते, एक, नऊ, सहा, आठ... आणि थांबले. पूल पडला 1986 ला. मोठ्याने वाचताना मी बिनधास्त 'एकोणीसशे शहाऐंशी' म्हणून गेले होते, कागदावर 1968 होतं, आणि तेव्हा तो पूल बांधूनही झाला नव्हता.